खुर्चीमागे कोण उभं आहे?

प्रिय मुली,

काल फोनवर तू चार वेळा म्हणालीस, "चालतं पार्लर आहे मावशी, आयतं मिळतंय." रात्री मला झोप लागली नाही. बारा लाख सांगितलेत, डिपॉझिट वेगळं, आणि पुढच्या सोमवारी टोकन द्यायचं म्हणतेस. टोकन देऊ नकोस. आधी एकच प्रश्न विचार: त्या पार्लरमध्ये क्लायंट येते ती कोणासाठी? खुर्चीमागे कोण उभं आहे?

तू पाठवलेले आकडे मी वहीत मांडले. महिन्याची विक्री दोन लाख. भाडं 42,000, मुलींचे पगार नि कमिशन 78,000, प्रॉडक्ट 26,000, वीज-पाणी-चहा-फोन 14,000. उरले 40,000. विकणारी सांगते, वर्षाचा नफा चार लाख ऐंशी हजार. अगं, पण ती स्वतः सकाळी दहा ते रात्री आठ खुर्चीमागे उभी असते ना? तिच्या जागी तशीच हात चालणारी मुलगी ठेवायची तर 25,000 द्यावे लागतील. तू स्वतः उभी राहिलीस तरी ते 25,000 तुझ्या घामाचे. ते विकत कसले घेतेस? धंद्याचा खरा नफा महिन्याला 15,000, वर्षाला 1,80,000.

आता रजिस्टर. कोणती सर्व्हिस कोणत्या मुलीने केली हे लिहिलेलं असतं, कारण कमिशन त्यावरच निघतं. तू पाठवलेल्या पानांवरून दोन लाखांतले 90,000 मालकिणीच्या हातचे, 65,000 सिनियर मुलीचे, बाकी दोघींचे मिळून 45,000. मालकीण गेली आणि तिच्या निम्म्या क्लायंट तिच्या मागे गेल्या, तर 45,000 विक्री गेली. प्रॉडक्टचे चार-पाच हजार वाचतील, भाडं मात्र एक रुपयाने कमी होणार नाही. तुझ्या मेहनतीसकट हातात काहीही उरत नाही. म्हणून विचारते, खुर्चीमागे कोण?

गुडविल म्हणजे नावाची पाटी नव्हे, क्लायंटची परत परत येण्याची सवय, तिचेच जादा पैसे मोजायचे. गेल्या वर्षीच्या याच महिन्याच्या रजिस्टरमधून पन्नास नावं काढ. त्यातल्या किती जणी गेल्या तीन महिन्यांत आल्या ते बघ. ब्रायडलवाल्या वगळ, लग्न एकदाच होतं. थ्रेडिंगवाली तीन-चार आठवड्यांनी येते, रूट टचअपवाली महिना-दीड महिन्याने. ज्या परत परत येतात त्याच मोज. आणि त्यातल्या किती जणी कुठल्याही मुलीकडे बसल्या, तेही बघ. पार्लरच्या क्लायंट तेवढ्याच. गूगलवरचे रिव्ह्यू वाच, त्यात पार्लरचं कौतुक आहे की "ताईंचा हात हलका" असं लिहिलंय. अपॉइंटमेंटचं सिम कोणाच्या नावावर आहे, हेही विचार. तो नंबर तुझ्या नावावर होत नसेल तर रजिस्टरची तू रद्दीच घेतेस.

हे मला कसं कळलं? 2009 मध्ये डोंबिवलीत मी असंच चालतं पार्लर घेतलं. मंगळसूत्र मोडलं नाही, पण पाटल्या गेल्या. विकणारी बाई गोड होती, मला भाऊबीजेला बोलवायची. पाचव्या महिन्यात चार बिल्डिंगी सोडून तिने नवं शटर उघडलं. रागाने मी सिनियर मुलीवरही संशय घेतला, दोन टक्के कमिशनवरून तिच्याशी भांडले, आणि ती गेली. निम्म्या क्लायंट बाईकडे, उरलेल्यातल्या निम्म्या मुलीकडे. आमचे हे अजून म्हणतात, दोन टक्के दिले असतेस तर पार्लर वाचलं असतं. वाचलंही असतं. पण भाडं थकलेलं असताना दोन टक्के कुठून द्यायचे, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही. असो.

मालकिणीला कायद्याने बांधता येतं. करार कायदा 1872, कलम 27: धंदा न करण्याचा करार एरवी टिकत नाही, पण गुडविल विकणाऱ्याला अपवाद आहे. तू तोच धंदा चालवतेस तोवर, ठरावीक हद्दीत तिने तसं पार्लर काढायचं नाही, हे वकिलाकडून लिहून घे. हद्द वाजवी ठेव. अख्खा जिल्हा लिहिलास तर कोर्टात टिकेल असं धरू नकोस. सिनियर मुलीला मात्र नोकरी सोडल्यावर असं बांधता येत नाही. तिच्याशी टोकनआधी बोलायचं, मालकिणीच्या समोर नाही, वेगळं. ती थांबणार नसेल तर 65,000 वर काट मार.

सामानाचं सात लाखांचं बिल दाखवतात ते बाजूला ठेव. फॉल्स सीलिंग, भिंतीतले आरसे, शॅम्पू स्टेशनची प्लंबिंग हे सगळं जागामालकाच्या भिंतीला चिकटलेलं आहे. जागा सोडताना काढून नेता येत नाही. उचलून नेता येईल तेच मोज. हायड्रॉलिक खुर्चीवर स्वतः दहा मिनिटं बस, हळूहळू खाली गेली तर पंप गेलाय. प्रत्येक वस्तू आज जुन्या सामानवाल्याकडे कितीला मिळेल ते विचारून मी 2,60,000 धरले. कर्जावर घेतलेली मशीन निघाली तर तेही वजा.

भाड्याचा कागद तर तू नीट वाचलाच नाहीस, म्हणून चिडले मी काल. लिव्ह अँड लायसन्स तिच्या नावावर आहे. ते ती तुला विकू शकत नाही, वस्तूसारखं हातात देऊ शकत नाही. त्यात उरलेले अकरा महिनेही तुझे नाहीत. जागामालकाने तुझ्या नावाने नवा करार रजिस्टर करून दिला, निदान तीन वर्षांचा, भाडेवाढ आकड्यात लिहून, आणि तुला जागा सोडता येणार नाही तो काळ, म्हणजे लॉक-इन, लहान ठेवून, तरच पुढे. नाहीतर गुडविल शून्य, कारण क्लायंट ज्या जिन्याने चढते तो जिनाच तुझा नाही.

एक गोष्ट ती सांगणार नाही: विकलेली पॅकेजेस. दहा फेशियलचे पैसे तिने घेतले, सहा अजून करायचेत, ते तू करणार. शिल्लक सर्व्हिस मोजून मी 1,10,000 वजा केले. गेल्या तीन महिन्यांत पॅकेजवर मोठी सूट लावली असेल तर ती विकायच्या तयारीचीच सूट होती.

आता मांड. सामान 2,60,000, गुडविलचे एका वर्षाच्या नफ्याइतके 1,80,000, वजा 1,10,000. झाले 3,30,000. डिपॉझिट वेगळं, तेही थेट जागामालकाला. तू म्हणशील, गुडविल एकाच वर्षाचं का, दीड-दोन वर्षांचं का नाही? मालकिणीची खुर्ची रिकामी होतेय म्हणून. ती तीन महिने थांबून प्रत्येक क्लायंट तुझ्या हाताखाली बसवणार असेल तर मी दीड वर्षाचं देईन, पण गुडविलचे पैसे सहा महिन्यांनी, रजिस्टर बघून.

आमच्याकडे म्हणतात मी भित्री झाले, 2016 मध्ये चांगलं पार्लर हातचं घालवलं. घालवलं खरं. त्यांनी रजिस्टर दाखवलं नाही, म्हणून मी उठून आले. आजही उठेन.

शनिवारी दुपारी तिथल्या सोफ्यावर दोन तास बस, थ्रेडिंगला आलीस असं सांग. आत येणारी प्रत्येक बाई पहिलं नाव कोणाचं घेते ते लिहून ठेव, आणि रविवारी तो कागद घेऊन माझ्याकडे ये. भाकरी-पिठलं करते.

तुझी मावशी