वाहतुकीच्या दंडाची नोटीस आली? आधी फोटो बघ

पैसे भरायची घाई करू नकोस. बहुतेक ठिकाणी दंड भरला की गुन्हा कबूल केला असंच धरतात, आणि मग तक्रारीचा रस्ता बंद होतो. नोटीस मेसेजमधून आली असेल तर त्यातली लिंक उघडू नकोस, कारण खोट्या नोटिसा अशाच येतात. वाहतूक खात्याची अधिकृत साइट स्वतः उघड आणि नोटिशीचा क्रमांक तिथे टाकून बघ.

नोटीस खरी निघाली की फोटो मोठा करून नंबरप्लेट एकेक अक्षर वाच. कॅमेऱ्याचा नंबर वाचणारा प्रोग्राम 8 आणि 3, 0 आणि D यांत गल्लत करतो, विशेषतः प्लेटवर चिखल किंवा स्क्रू असला की. समज, तुझी गाडी पांढरी हॅचबॅक आहे आणि फोटोत करडी सेडान दिसतेय. मग चूक उघड आहे. तक्रारीत एवढंच लिही: 'फोटोतला नंबर 3 ने संपतो, माझ्या गाडीचा 8 ने.' सोबत नोंदणी प्रमाणपत्र आणि गाडीचा मागून काढलेला स्पष्ट फोटो जोड. 'मी कधीच नियम मोडत नाही' वगैरे लिहून काही उपयोग होत नाही, तपासणारा फक्त पुरावा बघतो. पोच क्रमांक जपून ठेव.

मुदत मात्र आधी बघ. ती बऱ्याचदा नोटिशीवरच्या तारखेपासून मोजतात, तू वाचलीस त्या दिवसापासून नाही.

फोटोत गाडी तुझीच असेल, वेळ आणि जागाही जुळत असेल, तर मुदतीत भरून टाक आणि पावती डाउनलोड कर.