नवरा वारला, मेहर राहिली. बायकोला मिळते का?

निकाहनाम्यात ५० हजार मेहर लिहिली होती, नवऱ्याने दिलीच नाही. तो वारल्यावर ती बुडते का?

नाही. न दिलेली मेहर हे नवऱ्यावरचं कर्ज आहे आणि वाटणीआधी ते त्याच्या मालमत्तेतून फेडावं लागतं. समजा, दफनखर्च आणि इतर देणी भागवून ३ लाख उरले. आधी ५० हजार तिचे. मुलं असतील तर उरलेल्या अडीच लाखांचा आठवा हिस्सा, म्हणजे ३१,२५०, वारसा म्हणून वेगळा मिळतो.

मयताजवळ बसलेल्या बाईला ‘मेहर माफ कर’ म्हणतात, ते मला फार अन्यायाचं वाटतं. माफी स्वखुशीचीच हवी. दुःखात, दबावाखाली वदवून घेतलेली माफी कोर्टात टिकणं अवघड. निकाहनामा जपून ठेवा. भारतात दाव्याची मुदत मृत्यूपासून ३ वर्षं आहे.