घडीची, ठेवणीतली आणि वापरती

प्रश्न: "लेकीच्या लग्नातल्या साड्या, दागिने, भांडी यांची वही करते आहे. आई 'घडीची साडी' म्हणते, सासूबाई 'ठेवणीतली'. दोन्ही एकच का? स्थितीच्या रकान्यात काय लिहू?"

एकच नाहीत. घडीची म्हणजे दुकानातून आली तेव्हाची घडी अजून न मोडलेली, एकदाही अंगाला न लागलेली साडी. पहिल्यांदा नेसली की 'घडी मोडली'; तो मान कौतुकाने बहिणीला किंवा जावेलाही देतात. ठेवणीतली म्हणजे सणासमारंभापुरती राखलेली. तिची घडी कितीदा मोडली, याच्याशी या शब्दाचा संबंध नाही. रोज नेसायची ती वापरती. म्हणून 'ठेवणीतली' आणि 'वापरती' प्रसंगाच्या रकान्यात लिहा, आणि तिथेच नेमका प्रसंगही: गौरीहराची पिवळी अष्टपुत्री मामाकडून, काळी चंद्रकळा पहिल्या संक्रांतीला.

'घडीची' स्थितीच्या रकान्यात बसते, पण एकटी पुरत नाही. कोरी साडी धड असेलच असं नाही. जरीची रेशमी साडी वर्षानुवर्षं त्याच घडीत पडून राहिली, की दुमडीवरचे धागे कमजोर होतात आणि साडी नेमकी तिथेच चिरते. त्याला 'घडीवर विरली' म्हणतात. साडी उजेडासमोर धरली आणि दुमडीच्या रेषेतून बाकीच्या कापडापेक्षा जास्त उजेड आला, तर विरायला सुरुवात झाली असं समजा. चांदीची जर असेल तर ती दमट हवेत काळवंडते, तेही वेगळं नोंदवा. यासाठी दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलावी, साडी धुतलेल्या मलमलीत गुंडाळावी, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये आणि डांबरगोळी जरीला टेकू देऊ नये. घडी कधी बदलली, तो महिना वहीत हवाच.

एक नोंद अशी होईल: "पैठणी, मोरपंखी. सीमांतपूजनाला घडी मोडली. ठेवणीतली. पदराला हळदीचा लहान डाग, जर स्वच्छ. लाकडी कपाट, वरचा कप्पा, मलमलीत. घडी बदलली: कार्तिक."

दागिन्यांना 'नवा-जुना' लिहून काहीच कळत नाही. ठुशी 'गाठवायला हवी', कुड्यांची 'फिरकी सैल', नथीच्या मोत्याचं 'पाणी उतरलं' असं लिहा. पुढे काय करायचं ते त्यातूनच कळतं. सोन्याचं वजन पावतीवरून उतरवून घ्या. मोत्यांचे नग मऊ कापडात, सोन्यापासून वेगळे ठेवा आणि बँकेच्या लॉकरमध्ये असतील तर तसं स्पष्ट लिहा.

भांड्यांना 'पोचा आलेला' आणि 'कल्हई हवी' हे दोन शेरे बहुतेक वेळा पुरतात. रुखवतातली समई सुटी होत असेल, तर तिचे भाग मोजून लिहा, कारण ते वेगवेगळ्या खोक्यांत जातात आणि वरचा मोर हमखास हरवतो.