बाँडवाले आणि शेअरवाले एकाच नावेत, मग भांडण कसलं?

प्रश्न: दादा, एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शेअरहोल्डर आणि बाँडहोल्डर दोघांनाही कंपनी चाललीच पाहिजे ना, मग त्यांच्यात एजन्सी कॉन्फ्लिक्ट कसला? रिस्क शिफ्टिंग आणि अंडरइन्व्हेस्टमेंट पुस्तकात वाचलं पण डोक्यात बसत नाही. आपल्याकडच्या फौंड्रीसारखं काही उदाहरण घेऊन सांगता का?

उत्तर:

भावा, कंपनी धडधाकट असते तोवर भांडण जवळपास नसतंच. मालमत्तेच्या मानानं देण्याचा बोजा फार वाढला की ते सुरू होतं, आणि पुस्तकात नेमकं हेच मधल्या एका ओळीत असतं म्हणून डोक्यात बसत नाही. मी बरीच वर्षं कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या युनिट्सचे प्रोजेक्ट रिपोर्ट आणि लोनची कागदं करतोय, त्यामुळं फौंड्रीच घेऊ. आकडे मनाचे आहेत, हिशोब सोपा राहावा म्हणून व्याजबिज सगळं धरून एकच रक्कम घेतो.

समज एक फौंड्री आहे, प्रायव्हेट लिमिटेड. तिनं एनसीडी, म्हणजे शेअरमध्ये न बदलणारे बाँड काढून पैसे उचललेत, पुढच्या मार्चला १० कोटी परत द्यायचेत. आणि आज कंपनीकडं रोख, माल, मशिनरी सगळं मिळून आहे ८ कोटींचं. म्हणजे आजच शटर ओढलं तर बाँडवाल्यांना ८ मिळतील आणि मालकाच्या हातात शून्य. हे शून्य नीट लक्षात ठेव, पुढची सगळी गंमत त्यातच आहे.

आता मालकापुढं दोन रस्ते आहेत. पहिला म्हणजे जुन्या गिऱ्हाइकांचं ट्रॅक्टरचे ब्रॅकेट, पंपाच्या बॉडी हेच काम करत राहायचं, वर्षाखेरीला ८ चे ९ कोटी नक्की. दुसरा म्हणजे पवनचक्कीच्या मोठ्या कास्टिंगसाठी सगळे पैसे लावायचे, पॅटर्न, मोठे मोल्डिंग बॉक्स, टेस्टिंग सगळं स्वतःच्या खर्चानं, सँपल पास झालं तर १४ कोटी होतील, नाही झालं तर पॅटर्न भंगारात आणि हाती उरेल १ कोटी. शक्यता निम्मी-निम्मी धर. सरासरी काढली तर १४ आणि १ ची साडेसात येते, म्हणजे आत्ताच्या ८ पेक्षाही कमी, सरळसरळ तोट्याचा धंदा. कुठलाही शहाणा माणूस पहिला रस्ता धरेल असं वाटतं ना?

मालकाच्या खुर्चीत बसून बघ. पहिल्या रस्त्यानं ९ आले तर ते सगळे बाँडवाले घेऊन जाणार, वर १ कोटीची बोंब राहणारच, मालकाला शून्य. दुसऱ्या रस्त्यानं १४ आले तर १० देऊन ४ कोटी त्याचे, आणि १ आला तर? तरी शून्यच, कारण लिमिटेड कंपनी आहे, घरादाराला हात लागत नाही. म्हणजे त्याची सरासरी २ कोटी. शून्यापेक्षा २ बरे, तो पवनचक्की धरणार. बाँडवाल्यांचं काय झालं? पहिल्या रस्त्यानं त्यांना ९ होते, दुसऱ्यानं कधी १० कधी १, सरासरी साडेपाच. त्यांचे साडेतीन कोटी गेले, मालकाला २ मिळाले, आणि मधले दीड कोटी कुणालाच नाही मिळाले, हवेत गेले. हे रिस्क शिफ्टिंग. लोक म्हणतात मालकानं बाँडवाल्याचा पैसा खाल्ला, पण तेवढंच नाहीये ते, खाल्ला त्याच्यापेक्षा सांडला किती ते बघायचं असतं.

आणि आता देणं बदलून बघ, कागदावर स्वतः कर. १० च्या जागी ३ कोटी देणं ठेव. पहिल्या रस्त्यानं मालकाला ६ राहतात, दुसऱ्यानं कधी ११ कधी शून्य, सरासरी साडेपाच. आता तोच मालक, तीच पवनचक्की, पण तो ब्रॅकेटच ओतत बसणार. या आकड्यांत ४ कोटी देण्याच्या खाली भांडण नाही, वर गेलं की आहे. माणूस लबाड आहे का सरळ आहे याचा संबंध फार कमी आहे, देण्याचा बोजा किती याचा जास्त आहे.

एक गल्लत पोरं हमखास करतात म्हणून मध्येच सांगतो. कंपनीचा पैसा मालकानं मेव्हण्याच्या फर्मला ॲडव्हान्स म्हणून काढून दिला तर ते रिस्क शिफ्टिंग नाही, ती सरळ पैशाची पळवापळवी आहे. रिस्क शिफ्टिंगमध्ये पैसा कंपनीतच राहतो, धंद्यातच लागतो, हिशोब सगळा चोख असतो, फक्त जुगाराचा प्रकार बदललेला असतो. म्हणूनच ते पकडायला अवघड. खऱ्या जगातलं मोठं उदाहरण पाहिजे तर १९८० च्या दशकातल्या अमेरिकेतल्या, ठेवी घेऊन घरकर्जं देणाऱ्या सेव्हिंग्ज अँड लोन संस्था बघ, व्याजदर चढल्यावर त्यातल्या कित्येक आतून बुडालेल्या होत्या, पण ठेवींना सरकारी विमा होता म्हणून नव्या ठेवी येतच राहिल्या, आणि गमवायला काही उरलंच नाही म्हटल्यावर त्यांनी जमीन-इमारतींच्या धाडसी कर्जांत पैसा ओतला. शेवटी बिल करदात्यानं भरलं. तिथं बाँडवाल्याच्या जागी विमा देणारं सरकार होतं, एवढाच फरक.

आता अंडरइन्व्हेस्टमेंट. हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं कारण हे गाजावाजा न करता होतं, न केलेल्या कामाची बातमी येत नाही.

तीच फौंड्री, देणं तेच १० कोटी, पण यावेळी पवनचक्की नाही. यंदा गाड्यांचा बाजार चांगला राहिला तर कंपनी १४ ची, मंदी आली तर ६ ची, परत निम्मी-निम्मी. मालकाची सरासरी २, बाँडवाल्यांची ८ (कधी १०, कधी ६). आता सँड रिक्लेमेशनचा प्लांट घालायची संधी आहे, जुनी वाळू परत वापरता येईल, नवी वाळू आणायचा आणि जुनी टाकायचा खर्च वाचेल. खर्च २ कोटी, वर्षभरात नक्की ३ कोटी सुटणार, तेजी असो वा मंदी. याच्यापेक्षा सोपा निर्णय नाही. पण कंपनीत रोख नाही, ते २ कोटी मालकानं खिशातून घालायचेत.

घातले तर कंपनी तेजीत १७ ची, मंदीत ९ ची. मालकाला तेजीत ७, मंदीत शून्य, सरासरी साडेतीन. आधी २ होते, म्हणजे दीड कोटी वाढले, आणि खिशातून गेले २. बाँडवाले फुकटात ८ वरून साडेनऊवर गेले. दोन कोटी घालून दीड कोण परत घेईल? तो प्लांट होत नाही. याला डेट ओव्हरहँग म्हणतात, १९७७ मध्ये स्टीवर्ट मायर्स या अर्थशास्त्रज्ञानं हे नीट मांडलं.

मी हे समोर बसून ऐकलंय. एका युनिटमध्ये (नाव नको) प्लांटची फाईल घेऊन गेलो होतो, मालक शेडमध्येच उभे, भट्टीचं अस्तर परत एकदा पॅच मारून चालवत होते, खरं तर ते पूर्ण बदलायला पाहिजे होतं, आणि मला म्हणाले, ‘शेती इकून पैसं घालू मी, आन खाणार ते कागदवाले? तुमीच सांगा सायेब.’ त्यांनी थिअरी वाचलेली नव्हती, पण हिशोब अचूक होता. आणि बाहेरून ओळखायचं कसं विचारशील तर हेच बघायचं, अस्तराला पॅचवर पॅच, नवे पॅटर्न बंद, स्पेअर एका मशीनचे काढून दुसऱ्याला, रिजेक्शन वाढत चाललेलं, आणि तरीही रोजचं काम चालू. नुसती आळशी मॅनेजमेंट पण अशीच दिसते म्हणा, त्यामुळं सोबत ताळेबंद उघडून देणं किती आहे ते बघितल्याशिवाय शिक्का मारू नको.

यावर इलाज आहे, आणि तो दोघांच्याही फायद्याचा आहे, हे गमतीशीर आहे. समज बाँडवाल्यांनी १० च्या जागी ८.८ कोटी घ्यायचं कबूल केलं, अट एकच, मालकानं प्लांट घालायचा. मग तेजीत मालकाला ८.२, मंदीत ०.२, सरासरी ४.२, त्यातून २ वजा केले तर २.२, आधीच्या २ पेक्षा जास्त. बाँडवाल्यांना दोन्ही वेळेला पूर्ण ८.८, आधीच्या सरासरी ८ पेक्षा जास्त. मग हे होत का नाही? एक बँक असती तर टेबलावर बसून झालं असतं. बाँडवाले शंभर ठिकाणी विखुरलेले, प्रत्येकाला वाटतं बाकीच्यांनी सोडावं, मी माझे पूर्ण घेतो. त्या सगळ्यांच्या वतीनं बघणारा डिबेंचर ट्रस्टी असतो, पण पैसे सोडायचा अधिकार त्याला एकट्याला नसतो, होल्डरांची मंजुरी गोळा करावी लागते, आणि तोवर सीझन निघून जातो.

दुसरा उपाय म्हणजे नवीन कर्ज देणाऱ्याला त्या नव्या प्लांटवर पहिला चार्ज, म्हणजे तारणाचा पहिला हक्क द्यायचा, म्हणजे त्याचे २ कोटी आधी सुटतात आणि जुने बाँडवाले त्यावर फुकट बसत नाहीत. पण इथंच खरी मेख आहे. रिस्क शिफ्टिंगला घाबरून बाँडवाल्यांनी आधीच कागदात लिहून घेतलेलं असतं की आमच्या संमतीशिवाय कुठल्याही मालमत्तेवर दुसऱ्याला चार्ज द्यायचा नाही, नवं कर्ज काढायचं नाही, मशिनरी विकायची नाही. पवनचक्की अडवायला घातलेलं कुलूप वाळूच्या प्लांटलाही अडवतं. एक रोग दाबायला औषध दिलं की दुसरा बळावतो, म्हणून कॉव्हेनंट, म्हणजे करारातल्या अशा अटी, जितके कडक तितके चांगले असं परीक्षेत लिहू नको. आणि लिहून घेतलं नाही तर? १९८८ मध्ये आरजेआर नाबिस्को ही अमेरिकन कंपनी कर्जावर विकत घ्यायचं ठरलं तेव्हा तिच्या जुन्या बाँडचे भाव कोसळले, ते बाँड धरून बसलेली विमा कंपनी मेटलाइफ कोर्टात गेली आणि १९८९ मध्ये हरली, कोर्टाचं म्हणणं असं की करारात नव्या कर्जावर बंदी लिहिलेली नाही, ती आम्ही मागून घालणार नाही.

परिवर्तनीय बाँड हा त्यातल्या त्यात बरा मार्ग, कारण १४ कोटी आले तर बाँडवालाही शेअर घेऊन त्यात वाटेकरी होतो, मग मालकाला जुगारात तेवढा रस राहत नाही. वाळूच्या प्लांटला मात्र त्याचा काही उपयोग नाही, उलट तेजीतला वाटा आणखी कमी होतो.

आता आपल्याकडचं एक सांगतो, पुस्तकात हे बाजूला टाकलेलं असतं. कोल्हापुरातल्या उद्यमनगरच्या बहुतेक युनिट्सना बँकेनं कर्ज देताना मालकाची, कधी बायकोची, कधी भावाची पर्सनल गॅरंटी घेतलेली असते. तिथं ‘हरलं तर शून्य’ हा भागच उडतो, कारण हरलं तर घर जातं. वरचा पवनचक्कीचा हिशोब गॅरंटी धरून परत कर, १ कोटी आला तर उरलेले ९ मालकाच्या मालमत्तेतून. तेवढी मालमत्ता त्याच्याकडं असेल तर पहिल्या रस्त्यानं तो १ कोटी खाली, दुसऱ्यानं निम्म्या वेळी ४ वर, निम्म्या वेळी ९ खाली, सरासरी अडीच खाली. गप ब्रॅकेट ओतेल. वाळूच्या प्लांटचं पण गणित सुटतं, सुटलेले ३ कोटी दोन्ही वेळेला त्याचेच. पण गॅरंटी नुसती कागदावर असेल आणि घर आधीच दुसरीकडं तारण असेल, तर परत पहिल्या पानावर ये.