मोंताज म्हणजे संकलनच का?

"फिल्म स्टडीजच्या पहिल्या सेमला आहे. नोट्समध्ये जर्मन एक्सप्रेशनिझम, फ्रेंच इम्प्रेशनिझम आणि सोव्हिएत मोंताज अशा चळवळी आहेत. पहिल्या दोन नावांवरून थोडाफार अंदाज येतो पण मोंताज म्हणजे एडिटिंगच ना? मग ती चळवळ कशी काय? आणि यूट्यूबवर तर हीरो गाण्यावर व्यायाम करतो त्याला मोंताज म्हणतात. मराठीत संकलन लिहिलं तर चालेल का? उच्चार पण सांगा."

संकलन लिहिलंस तर चूक नाही पण अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल. फ्रेंचमध्ये मोंताज म्हणजे खरंच साधं एडिटिंग, तिथल्या कुठल्याही पिक्चरच्या श्रेयनामावलीत तो शब्द असतो, त्यात क्रांती वगैरे काही नाही. मूळ क्रियापदाचा अर्थ चढवणे, बसवणे, जोडणे. यंत्राचे सुटे भाग एकमेकांत बसवतात ते मोंताज आणि ते काम करणारा मोंतर, म्हणजे आपल्याकडचा फिटर. रशियनने हा शब्द फ्रेंचमधून घेतला आणि तिथेही मशीन उभारणीला तोच वापरतात.

आता तुझ्या नोट्समधली बाकीची दोन नावं बघ. एक्सप्रेशनिझम आणि इम्प्रेशनिझम दोन्ही चित्रकलेतून आलेत. 'कॅलिगरी' (1920) या जर्मन पिक्चरमध्ये भिंती तिरक्या आणि सावल्यासुद्धा रंगाने काढलेल्या, म्हणजे सगळा जोर कॅमेऱ्यासमोर काय उभं केलंय त्यावर. फ्रेंच मंडळींचा जोर पात्राला आतून काय दिसतं-वाटतं त्यावर, म्हणून धूसर फोकस, एकावर एक प्रतिमा वगैरे. आणि रशियनांनी नाव उचललं ते वर्कशॉपमधून! त्यांचं म्हणणं असं की शॉट हा नुसता सुटा भाग आहे, सिनेमा घडतो तो जोडावर. त्यांच्यातला दिग्दर्शक आयझेनस्टाइन तर मुळात इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, त्याने 1923 मध्ये आधी नाटकासाठी 'आकर्षणांचा मोंताज' असा शब्दप्रयोग केला, त्यात अर्धा शब्द कारखान्यातला आणि अर्धा जत्रा-सर्कशीतला, आणि हे त्याने मुद्दाम केलेलं.

हे आलं कुठून तर बऱ्याच अंशी टंचाईतून. यादवी युद्धाच्या काळात मॉस्कोत कच्ची फिल्म मिळेना, फिल्म स्कूल मात्र 1919 मध्ये सुरू झालेलं. मग लेव्ह कुलेशॉव्ह आणि त्याचे विद्यार्थी असलेल्याच फिल्मा कापून-जोडून बघायचे. त्यातला प्रसिद्ध प्रयोग तुला परीक्षेत येणारच: मोझुखिन नावाच्या नटाचा एकच निर्विकार चेहरा, एकदा सूपच्या वाडग्याला जोडला, एकदा शवपेटीला, आणि लोकांना तो एकदा भुकेला वाटला आणि एकदा दुःखी. (ती फिल्म आज शिल्लक नाही आणि कुठले कुठले शॉट होते याबद्दल कुलेशॉव्ह आणि त्याचा विद्यार्थी पुदोवकिन यांच्या आठवणी जुळत नाहीत, त्यामुळे यूट्यूबवर जो व्हिडिओ 'ओरिजिनल' म्हणून फिरतो त्यावर विसंबू नकोस.)

पुढे याच लोकांत भांडण लागलं आणि मला वाटतं शब्द समजायचा तर ते भांडणच समजून घ्यावं. पुदोवकिन म्हणायचा शॉट म्हणजे विटा, एकावर एक रचत जा, गोष्ट उभी राहते. आयझेनस्टाइन म्हणायचा छे, शॉटची टक्कर व्हायला पाहिजे आणि टकरीतून तिसरंच काहीतरी निघायला पाहिजे. त्याने 1929 मध्ये यासाठी जपानी लिपीचा दाखला दिला, की डोळ्याचं चिन्ह अधिक पाण्याचं चिन्ह म्हणजे रडणे. आपल्याला जपानीपर्यंत जायची गरज नाही, शाळेतले समास आठव. 'आईवडील' म्हणजे आई आणि वडील, संपला विषय, तो पुदोवकिन. 'नीलकंठ' मध्ये निळा आहे, कंठ आहे, शंकर कुठेच नाही आणि तरी ऐकणाऱ्याला शंकरच दिसतो. तो बहुव्रीही म्हणजे आयझेनस्टाइन :)

उदाहरण घे आयझेनस्टाइनच्या 'बॅटलशिप पोटेमकिन' (1925) मधलं. ओदेसाच्या पायऱ्यांवर सैनिकांनी माणसं मारली, उत्तर म्हणून बंडखोर जहाज तोफा डागतं, आणि मध्येच दगडी सिंहांचे तीन शॉट येतात, एक झोपलेला, एक मान वर केलेला, एक उठलेला. बघताना वाटतं एकच सिंह खडबडून जागा झाला. प्रत्यक्षात ते तीन वेगळे पुतळे आहेत आणि ओदेसात नाहीतच, पार क्रिमियातल्या अलुप्का इथल्या राजवाड्याच्या पायऱ्यांवर आहेत. कुठल्याच शॉटमध्ये काही हलत नाही, हालचाल फक्त जोडात आहे, आणि 'दगडसुद्धा पेटून उठले' हा अर्थ तर त्याच्याही पुढचा. त्याच्या जरा आधीच चष्मेवाल्या बाईचा शॉट आहे तोही पॉज करून बघ. कोसॅक सैनिक तलवार उगारतो, कट, बाईचा चष्मा फुटलेला आणि डोळ्यातून रक्त. वार लागताना कुठेच दाखवलेला नाही, तरी लोक शपथेवर सांगतात की आम्ही बघितला.

म्हणून पटापट कट म्हणजे मोंताज असं पेपरात लिहू नकोस, ही नेहमीची चूक आहे. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे एक शॉट मनातल्या मनात काढून टाकायचा आणि बघायचं की शेजारच्या शॉटचा अर्थ बदलला का. सिंह काढले तर तोफा नुसत्या तोफा राहतात. पाठलागाच्या सीनमधला एखादा शॉट काढला तर पाठलाग थोडा छोटा होतो, बाकी काही नाही.

आणि हे दरवेळी जमतंच असं नाही. त्याच्याच 'स्ट्राइक' (1925) या पिक्चरमध्ये कामगारांच्या कत्तलीला कत्तलखान्यात बैल कापतानाचे शॉट जोडलेत. आयझेनस्टाइनने नंतर स्वतःच लिहिलं की हे कामगार प्रेक्षकाला भिडलं नाही कारण त्याला बैलाच्या रक्तावरून कारखाना आठवतो, आणि शेतकऱ्यावर तर काहीच परिणाम नाही, तो घरचं जनावर स्वतः कापतो. म्हणजे बहुव्रीही समास सुटायला ऐकणाऱ्याला पुराण माहीत असावं लागतं तसंच झालं हे.

यूट्यूबवाला अर्थ अमेरिकन आहे. इंग्रजीत एडिटिंगला आधीच शब्द होता, मग मोंताज हा परका शब्द हॉलिवूडमध्ये एका छोट्या कामाला चिकटला, कॅलेंडरची पानं उडतायत, आगगाडी धावतेय, मथळे फिरतायत, म्हणजे 'बराच काळ गेला' एवढं सांगायला. व्यायामाचं गाणं त्याच्याच घराण्यातलं.

मराठीसाठी माझं मत, श्रेयनामावलीत संकलन ठीक आहे, रुळलेला शब्द आहे, पण त्यात गोळा करण्याचा भाव येतो, टकरीचा नाही. मला स्वतःला 'जुळणी' आवडतो, छापखान्यातली अक्षरजुळणी आठवते आणि सुटे खिळे जुळवून शब्द करणं हे मोंताजच्या बरंच जवळचं आहे. पण हा माझा हट्ट, परीक्षकाला कळणार नाही, तू चळवळीबद्दल लिहिताना सरळ 'सोव्हिएत मोंताज' लिही.

उच्चार: फ्रेंचमध्ये 'मों' नाकातून आणि शेवटचा ज हा जहाजातलाही नाही न् जिलबीतलाही नाही, 'व्हिजन', 'प्लेझर' म्हणताना मध्ये येतो तो. देवनागरीत त्याला अक्षर नाही, म्हणून कोणी मोंताज लिहितं कोणी मोंताझ, दोन्ही चालतं. आणि रशियन लोक स्वतः म्हणतात ते तर 'मन्ताश'च्या जवळ जातं.