मुलाखतीआधीचे भीतीचे भाकीत कागदावर मांडताना

“पुढच्या आठवड्यात इंटरव्ह्यू आहे. तयारी झाली आहे, पण मन सारखं सांगतं की पहिल्याच प्रश्नाला मी गारठणार, सगळं विसरणार आणि ही संधी हातची गेली की पुन्हा काही मिळणार नाही. घरचे म्हणतात पॉझिटिव्ह विचार कर. तसं जबरदस्तीने केलं की आणखी धडधडतं. काय करू?”

तुमचं पत्र वाचताना माझ्याकडे नौपाड्यात येणारी एक क्लायंट आठवली. तिला वैशाली म्हणू. ओळख पटू नये म्हणून नाव आणि काही तपशील बदलले आहेत. वय एकतीस, राहायला कोपरीत, एका छोट्या कंपनीत अकाउंट्स सांभाळते. बेलापूरच्या एका मोठ्या कंपनीत सीनिअर अकाउंटंटच्या जागेसाठी तिला गुरुवारी बोलावणं होतं आणि ती माझ्याकडे आदल्या आठवड्यातल्या शुक्रवारी आली. मधले दिवस हातात होते ही मोठी गोष्ट. तिच्यासोबत मी विचारांची नोंद हे तंत्र वापरलं. एरन बेक या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी १९६०च्या दशकात जी उपचारपद्धती मांडली, तिच्यातलं हे रोजच्या वापरातलं साधन आहे. एक फुलस्केप कागद आडवा धरायचा आणि रकाने आखायचे: प्रसंग, भावना, मनात आलेला विचार, त्याच्या बाजूचा पुरावा, विरुद्ध पुरावा, समतोल विचार आणि शेवटी भावना पुन्हा किती.

प्रसंगाच्या रकान्यात तिने आधी “इंटरव्ह्यूचं टेन्शन” एवढंच लिहिलं. ते खोडायला लावलं, कारण टेन्शन हा प्रसंग नव्हे. कधी, कुठे, काय करताना? मग तिने लिहिलं: “काल रात्री साडेनऊ, भांडी आवरून झाल्यावर ओट्याशी उभी राहून इंटरव्ह्यूचा ईमेल पुन्हा उघडला.” असा एकच क्षण पकडला की त्या क्षणी डोक्यात काय आलं ते आठवतं. भावना: भीती शंभरपैकी ९०, लाज ७०.

विचाराच्या रकान्यात तिने लिहिलं, “मागच्यासारखं झालं तर?” बहुतेकांची नोंद इथेच फसते, म्हणून इथे थोडं थांबते. ‘झालं तर?’ हा प्रश्न आहे, आणि प्रश्नाच्या बाजूने किंवा विरुद्ध पुरावा गोळा करता येत नाही. मन प्रश्न विचारून मोकळं होतं आणि उत्तर अंधारातच ठेवतं. म्हणून मी विचारलं, “झालं तर काय होईल?”

“मी गप्प बसेन.”

“बरं, मग?”

“त्यांना कळेल की हिला काही येत नाही.”

“मग?”

“नाही म्हणतील. आणि मॅडम, मग मला कुठेच नोकरी मिळणार नाही. याच पगारात राहायचं.”

हे सगळं तिने एकाखाली एक लिहिलं. मग प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचायला सांगून विचारलं की कोणत्या वाक्याशी पोटात सर्वांत जास्त गोळा येतो. तिचं बोट पहिल्या दोन वाक्यांवर गेलं. ती जोडून वाक्य झालं, “एक प्रश्न अडला की मी पूर्ण गप्प होईन आणि त्यांना कळेल की मला काही येत नाही.” यावर विश्वास किती? ८५ टक्के. ‘कुठेच नोकरी मिळणार नाही’ हे आम्ही मुद्दाम बाजूला ठेवलं. ते खरं की खोटं हे गुरुवारपर्यंत कुणालाच कळलं नसतं. गुरुवारी तपासता येईल असं भाकीत निवडलं तर ही नोंद कामाला येते.

आता बाजूचा पुरावा. तिने भराभर तीन गोष्टी लिहिल्या. मला इतकी भीती वाटते म्हणजे तसं होणारच. मागच्या वेळी मी मूर्ख ठरले. गेल्या वर्षी वाशीच्या इंटरव्ह्यूत जीएसटीतल्या रिव्हर्स चार्जवरच्या प्रश्नाला मी गप्प झाले. मी तिला एकच कसोटी दिली: तिथे लावलेल्या कॅमेऱ्यात हे दिसलं असतं का? भीती ही भावना आहे, ती पुढे काय घडेल याची साक्ष देत नाही, म्हणून पहिलं वाक्य गेलं. ‘मूर्ख ठरले’ हा तिचा निष्कर्ष, तोही गेला. तिसरं वाक्य मात्र खरं होतं आणि ते कागदावर राहिलं. खरं ते पुसायचं नाही, नाहीतर पुढचं सगळं मनाला खोटं वाटतं.

त्या तिसऱ्या वाक्यावर मात्र आम्ही बराच वेळ घालवला. “किती वेळ गप्प होतात?” मी विचारलं. “पाच मिनिटं तरी.” मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हटलं, तेवढाच वेळ आत्ता गप्प बसा आणि तेवढा झाला असं वाटलं की हात वर करा. तिने हात वर केला तेव्हा सेकंदकाट्याने अर्धा फेराही पुरा केला नव्हता. ती घड्याळाकडे बघत राहिली. घाबरलेल्या माणसाला शांतता फार लांब वाटते आणि आठवणीत तर ती आणखी ताणली जाते. मग मी विचारलं, “त्यानंतर काय झालं?” हा प्रश्न तिला वर्षभरात कुणी विचारला नव्हता आणि तिनेही स्वतःला विचारला नव्हता. तिची आठवण त्या गप्प क्षणापाशीच थांबत होती. थोड्या वेळाने म्हणाली, “त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. टीडीएसचा. तो आला मला. मग बँक रिकन्सिलिएशनचा. तोही सांगितला.” म्हणजे जी घटना तिने स्वतःविरुद्धची साक्ष म्हणून वर्षभर जपली होती, तिचा अर्धा भाग विरुद्ध पुराव्याच्या रकान्यात जाऊन बसला.

विरुद्ध पुरावा शोधताना ‘मी मेहनती आहे’ यासारखी वाक्यं चालत नाहीत. त्याच कामातला, त्याच प्रकारच्या ताणातला प्रसंग लागतो. मी तिला विचारलं की ऑफिसात समोर बसून कोण प्रश्न विचारतं. “ऑडिटर,” ती लगेच म्हणाली. दर वर्षी ऑडिटला ती एकटी उत्तरं देते. दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीआर-२बी हे खरेदीवरच्या क्रेडिटचं विवरण आलं की खरेदीची बिलं त्याच्याशी ताडून २० तारखेच्या आत ३बी हे रिटर्न भरण्याचं कामही तिचंच. “ऑडिटरने विचारलेलं लगेच आठवलं नाही तर?” “सांगते ना, एक मिनिट, बघून सांगते.” “आणि मग तो म्हणतो का, हिला काही येत नाही?” ती हसली आणि स्वतःच लिहायला लागली.

समतोल विचाराच्या रकान्यात तिने आधी लिहिलं, “माझा इंटरव्ह्यू मस्त होईल.” यावर विश्वास किती असं विचारल्यावर म्हणाली, दहा टक्के. तुम्हाला घरचे जे सांगतात ते नेमकं इथे अडतं. पुराव्याशिवाय आलेलं गोड वाक्य मन लगेच परतवून लावतं, आणि परतवताना जुनं भाकीत आणखी जोरात ऐकवतं. वरच्या दोन्ही रकान्यांत जे लिहिलं आहे तेवढ्यातूनच वाक्य तयार करायचं असं ठरल्यावर तिने लिहिलं: “एखादा प्रश्न अडू शकतो, मागे अडला होता. तेव्हा मी काही सेकंद गप्प होते आणि पुढच्या प्रश्नांची उत्तरं दिली. या वेळी अडलं तर ‘एक मिनिट, विचार करून सांगते’ म्हणेन. ऑडिटला मी हेच करते.” यावर विश्वास ७० टक्के. भीती ९० वरून ५५ वर आली.

५५ पुरे झाली. महत्त्वाच्या इंटरव्ह्यूआधी तेवढी भीती असतेच आणि तेवढ्या भीतीत माणूस अभ्यास करू शकतो, झोपू शकतो. कुणी एका बैठकीत शून्य लिहिलं तर मी परत रकाने बघते, कारण बहुधा मला बरं वाटावं म्हणून लिहिलेलं असतं. आणि आकडा हललाच नाही तर दोन शक्यता मी आधी तपासते. एक, मुळावरचा विचार वेगळाच आहे आणि आपण वरवरचा घेतला. दुसरी, विचारात तथ्य आहे. वैशालीच्या बाबतीत एवढं तथ्य होतं की रिव्हर्स चार्ज तिचा कच्चाच होता. तिच्या कंपनीत त्याची नोंद दुसरं कुणी करायचं. त्यावर पुरावे शोधत बसण्यात अर्थ नव्हता. ट्रान्सपोर्टरचं भाडं, वकिलाची फी अशा व्यवहारांत सेवा घेणाऱ्याने कर कधी भरायचा हे तिने दोन संध्याकाळी बसून पक्कं केलं.

आणखी एक गोष्ट आम्ही बदलली. स्वतःची ओळख तिने इंग्रजीत शब्दन् शब्द पाठ केली होती. पाठांतराने सुरक्षित वाटतं, पण त्यातला एक शब्द निसटला की पुढचं सगळं अडतं आणि ‘मी गारठणार’ हे भाकीत आपणच खरं करून दाखवतो. पाठ केलेला कागद बाजूला ठेवून चार मुद्दे ठेवले आणि ते बहिणीसमोर दर वेळी वेगळ्या शब्दांत बोलायचे असं ठरलं.

गुरुवारी सकाळी ठाण्याहून पनवेल लोकल पकडल्यावर तक्ता भरायचा नाही, हे तिला बजावून सांगितलं होतं. भीती टिपेला असताना पुरावे तोलण्याइतकं डोकं शांत नसतं, आणि दर तासाला नवा तक्ता भरणं हा काळजी करण्याचाच एक प्रकार होऊन बसतो. एका विचारासाठी एक नोंद, बस. समतोल विचार एका लहान कार्डावर लिहून पर्समध्ये ठेवला होता, तेवढा वाचायचा.

कागदाच्या मागच्या बाजूला आम्ही भाकीत लिहून ठेवलं होतं: “अडलं की पूर्ण गप्प होईन, ८५ टक्के. त्यांना वाटेल मला काही येत नाही.” खाली ‘प्रत्यक्षात काय झालं’ यासाठी जागा सोडली होती. ती त्याच दिवशी, निकाल कळायच्या आधी भरायची. रात्र उलटली की आठवण पुन्हा भीतीच्या बाजूने रंगायला लागते. बेलापूर स्टेशनच्या बाकावर बसून तिने लिहिलं: “कोणत्या खर्चावरच्या जीएसटीचं क्रेडिट घेता येत नाही यावर अडले. एक मिनिट म्हटलं. कार आणि जेवणाचं सांगितलं, बाकी नाही आठवलं. सरांनी स्वतः उरलेलं सांगितलं आणि पुढे विचारलं. चाळीस मिनिटं चालला.”

ती जागा तिला मिळाली नाही. त्यांना एसएपी या सॉफ्टवेअरवर काम केलेलं माणूस हवं होतं, हिचा सगळा अनुभव टॅलीवरचा. फोन आला त्या संध्याकाळी “बघा, मी म्हटलंच होतं” हा विचार आला आणि तिने कागद काढला. गप्प होण्याचं भाकीत चुकलं होतं हे तिच्याच अक्षरात तिथे होतं. आता ‘कुठेच नोकरी मिळणार नाही’ हे बाजूला ठेवलेलं वाक्य आम्ही घेतलं, आणि त्याचा विरुद्ध पुरावा शोधताना एसएपीच्या कोर्सची चौकशी हे काम निघालं.

तुमच्या हातात आठवडा आहे. पहिली नोंद आज-उद्या करा, एखाद्या शांत वेळी, भीती थोडी उतरलेली असताना. विचार प्रश्नाच्या रूपात आला तर ‘झालं तर काय होईल?’ विचारून त्याचं विधान करा आणि मगच पुरावे लिहा. मागचा इंटरव्ह्यू बिघडला असेल तर त्या बिघडलेल्या क्षणानंतर काय झालं ते जरूर आठवा. मात्र रात्रीच्या रात्री झोप लागत नसेल, छातीत कळ येऊन जीव जाईल असं वाटण्याचे झटके येत असतील किंवा भीतीपोटी याआधीही इंटरव्ह्यू टाळले असतील, तर एकट्याने तक्ते भरत बसू नका. छातीतली कळ आधी डॉक्टरांना दाखवा आणि मग मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. तोवर बोलायचं असेल तर सरकारची टेली मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, आणि तिथे मराठीतही बोलता येतं.