गाणं थांबलं तरी कानात 'सस्स'

प्रश्न: फोनला वायरचे नवे इअरफोन लावले की गाणं सुरू नसतानाही कानात बारीक 'सस्स' येतं. जुन्यांना असं होत नव्हतं. नवे खराब निघाले का? बदलून घेऊ?

नाही, खराब नाहीत. बदलून त्याच मॉडेलचा दुसरा जोड आणलात तरी 'सस्स' तिथेच असेल. वायरच्या साध्या इअरफोनमध्ये चुंबक, तारेचं वेटोळं आणि पडदा असतो किंवा त्याच कामाची इवलीशी आर्मेचर असतात. वीज आली तर ते हलतात, नाही आली तर गप्प बसतात. स्वतःच्या मनानं आवाज काढायला त्यांच्यात काही नसतंच. जे ऐकू येतंय ते फोनच्या अॅम्प्लिफायरचं आहे. जुने इअरफोन बहिरे होते म्हणून ते कळत नव्हतं, एवढंच.

खात्री करायला दोन मिनिटं पुरतात. शांत खोलीत, फोन चार्जरवर नसताना, गाणं लावा आणि थांबवा. 'सस्स' आणखी काही सेकंद चालू राहील आणि मग बारीक 'टक' होऊन एकदम शांतता पसरेल. फोननं बॅटरी वाचवायला अॅम्प्लिफायर बंद केला, तो हा क्षण. कुठलं तरी अॅप आवाजाची वाट धरून बसलं असेल तर ती शांतता येतच नाही, तुमच्याकडे बहुधा हेच होत असावं. आता पुन्हा गाणं लावून थांबवा आणि त्या मधल्या सेकंदांत आवाजाचं बटण खाली-वर करा. 'सस्स' तेवढंच राहिलं तर निदान पक्कं. फोन आवाज कमी करतो तो बहुतेक वेळा आकड्यांतच, म्हणजे सिग्नल अॅम्प्लिफायरपर्यंत पोचायच्या आधी. अॅम्प्लिफायरचा स्वतःचा गोंगाट त्यानंतर मिसळतो, त्यामुळे बटणाचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही.

याच कारणानं इक्वलायझरमध्ये वरचे सूर कापून 'सस्स' जात नाही. गाणं मात्र मुकं होतं.

आता आकडे, कारण या विषयावर सगळी भांडणं आकडे न पाहता होतात. खोक्यावर '११० डेसिबल, १६ ओहम' असं काहीतरी लिहिलेलं असतं. हे ११० बहुतेकदा एका मिलिवॅटला असतात. फोनचा गोंगाट मात्र व्होल्टमध्ये मोजतात, म्हणून आधी आकडा एका व्होल्टवर आणायचा:

```
dB/V = dB/mW + 10*log10(1000/Z)
110 + 10*log10(1000/16) = 128
```

एका व्होल्टला १२८ डेसिबल. समजा फोनचा गोंगाट १० मायक्रोव्होल्ट आहे. व्होल्टच्या एक लाखाव्या भागाला १०० डेसिबल वजा होतात, म्हणून कानात उरले २८. इअरफोनच्या बोळ्यानं बाहेरचा आवाज आधीच अडवलेला असतो, त्या शांततेत २८ डेसिबलचं 'सस्स' अगदी स्वच्छ ऐकू येतं. तोच फोन ३०० ओहमच्या, ९७ डेसिबलच्या मोठ्या हेडफोनला लावा. हिशेब एका व्होल्टला १०२ वर येतो आणि गोंगाट उरतो २ डेसिबल, म्हणजे काहीच नाही. 'कमी ओहम म्हणजे सस्स' हे म्हणूनच अर्धसत्य आहे. ओहम आणि संवेदनशीलता, म्हणजे खोक्यावरचे डेसिबल, हे दोन्ही आकडे एकत्र धरल्याशिवाय काही कळत नाही.

गंमत पुढे आहे. तुम्ही साधारण ७५ डेसिबलला गाणी ऐकत असाल तर या इअरफोनला फक्त सव्वादोन मिलिव्होल्ट लागतात. फोन देऊ शकतो एक व्होल्टच्या आसपास. म्हणजे त्याच्या ताकदीचा साडेचारशेवा भाग वापरून तुम्ही गाणं ऐकताय आणि गोंगाट मात्र पूर्ण घेताय. दोघांतलं अंतर उरतं ४७ डेसिबल. कॅसेटच्या जमान्यातली खरखर ज्यांना आठवते त्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल.

'चांगला, १२० डेसिबलवाला डॅक घ्या' हा सल्ला यातूनच फसवा ठरतो. डॅक म्हणजे आकड्यांतल्या गाण्याचा विजेतला सिग्नल करणारं यंत्र. तो १२० चा आकडा पूर्ण आवाजाशी तुलना करून काढलेला असतो. जे यंत्र २ व्होल्ट देतं त्याचे १२० डेसिबल म्हणजे २ मायक्रोव्होल्ट गोंगाट, हे उत्तमच. पण एखादं डेस्कवरचं दांडगं अॅम्प्लिफायर १० व्होल्ट देत असेल तर त्याच १२० डेसिबलमध्ये १० मायक्रोव्होल्ट बसतात आणि तुमच्या इअरफोनमध्ये ते फोनइतकंच 'सस्स' करतं. विकत घेताना गोंगाट किती मायक्रोव्होल्ट, एवढंच विचारा. दोन-तीनच्या आत असेल तर प्रश्न मिटला. बिटांची संख्या, हाय-रेझोल्यूशन फायली, 'शंभर तास वाजवून मोकळे करा', यातल्या कशानंही 'सस्स' जात नाही. आणि 'तुझे कान लाडावलेत' म्हणणाऱ्यांना वरचे २८ डेसिबल दाखवा.

पहिला उपाय म्हणजे यूएसबी-सीचा छोटा डोंगल. एक पाहून घ्या: काही डोंगलमध्ये स्वतःचा डॅक असतो आणि काही नुसती तार असतात, फोनचाच आवाज पुढे नेणारी. दुसऱ्या जातीचा घेतलात तर 'सस्स' जसंच्या तसं.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो, कारण तो दुखण्याच्या मुळाशी जातो. फोन आणि इअरफोनच्या मध्ये २० डेसिबलची अडवणूक बसवायची. गाणं आणि गोंगाट दोन्ही वीसनं खाली येतात, मग फोनचा आवाज वीसनं वाढवायचा. गाणं होतं तिथे येतं, गोंगाट खालीच राहतो. आपल्या उदाहरणात २८ चे ८ होतात.

बाजारात मिळणारे अडॅप्टर बहुतेक एकाच रेझिस्टरचे असतात, साधारण ७५ ओहमचे. इअरफोनमध्ये एकच डायनॅमिक ड्रायव्हर, म्हणजे चुंबक-वेटोळं-पडद्याचा एकच संच असेल तर खुशाल वापरा. १६ ओहमवर तो १५ डेसिबल कापतो आणि आवाजाचा पोत सहसा बिघडवत नाही. पण आत तीन-चार आर्मेचर असतील तर त्यांचे ओहम सुराप्रमाणे बदलतात. एका जागी ३० आणि दुसऱ्या जागी ६ असतील, तर ७५ ओहम मध्ये आल्यावर त्या दोन जागांत पावणेबारा डेसिबलचा फरक पडतो. 'सस्स' गेलं, पण इअरफोन ओळखू येईना, अशी तक्रार असते ती याचीच. तारेवरच्या चक्रीवाल्या आवाज-नियंत्रकाचाही हाच दोष आहे, वर कमी आवाजाला डावा-उजवा सारखा राहत नाही तो वेगळा.

म्हणून दोन रेझिस्टरचा विभाजक करा. प्रत्येक बाजूला १५ ओहम सिग्नलच्या वाटेत आणि १.८ ओहम तिथून ग्राउंडला, म्हणजे इअरफोनला समांतर. एकूण चार रेझिस्टर, पाव वॅट, एक टक्का, मेटल फिल्म. १६ ओहमच्या इअरफोनला हे २०.२ डेसिबल कापतं. फोनला जवळजवळ १७ ओहम दिसतात, म्हणजे त्याच्या लेखी नेहमीचा इअरफोनच. इअरफोनला मात्र समोर पावणेदोन ओहमच्या आतलाच स्रोत दिसतो, त्यामुळे वरचा पावणेबारा डेसिबलचा फरक दीडच्या आसपास येतो.

करायला सोपी वाट म्हणजे एक एक्स्टेन्शन केबल मधोमध कापायची. इअरफोनला माईक असेल तर चार पट्ट्यांची घ्या आणि माईकची तार सरळ पुढे न्या. आतल्या केसासारख्या तारांवर रंगीत लाखेचा थर असतो. तो नुसता खरवडून भागत नाही, गरम सोल्डरच्या थेंबात जाळावा लागतो. सोल्डर तारेला चिकटून चमकलं नाही, मण्यासारखं घरंगळलं, तर लाख अजून आहे असं समजा.

जिथे हमखास चुकतं ती जागा ग्राउंडची. दोन्ही १.८ ओहमची ग्राउंडकडची टोकं आणि इअरफोनकडे जाणारी ग्राउंडची तार अगदी एकाच बिंदूवर जोडा. दोन्ही रेझिस्टर एका बारीक तारेच्या तुकड्यानं ग्राउंडला नेलेत तर त्या तुकड्याचा ०.१ ओहमसुद्धा १.८ च्या शेजारी जड पडतो आणि डावं उजव्यात झिरपतं. फक्त डावीकडे आवाज असलेली चाचणी लावा. उजवीकडे पुसट पण समजण्याजोगं ऐकू आलं तर तो तुकडा काढा. आणि गाणाऱ्याचा आवाज गायब होऊन मागचा वाद्यमेळ तेवढा पोकळ ऐकू येत असेल तर ग्राउंड कुठेतरी सुटलंच आहे.

फोनला लावण्याआधी, इअरफोन न जोडता, मल्टिमीटरनं पिनचं टोक आणि ग्राउंड यांत मोजा. १७ च्या आसपास यायला हवं. दोनच्या आसपास आलं तर जोडणी उलटी झालीय. तशीच लावलीत तर फोनच्या अॅम्प्लिफायरवर भलताच भार येईल.

आता राहिलेलं. वाढवलेला आवाज विसरून इअरफोन थेट फोनला लावलात तर कानठळ्या बसतील, म्हणून अडॅप्टर काढायच्या आधी आवाज खाली, ही सवय लावून घ्या. आवाज 'सस्स' नसून चार्जर लावल्यावर येणारी घूं असेल किंवा फोनचा पडदा सरकवताना चिरचिर होत असेल तर मामला वेगळा आहे. विभाजकानं तीही खाली जाते, पण चार्जर काढून पाहणं फुकट आहे. आणि बिनतारी इअरफोनमध्ये अॅम्प्लिफायर आतच बसलेला असतो, तिथे मध्ये काही घालता येत नाही. आधी नॉइज कॅन्सलिंग बंद करून बघा, कारण पुष्कळदा 'सस्स' त्याच्या माईकचं असतं. तरीही येत असेल तर ते मात्र खरंच बदलून घ्या, दुसऱ्या मॉडेलचे.